चार क्वांटम अंकांचा कोणता संच चालतो आणि कोणता नाही: पायरीपायरीने तपासणी

अकरावीच्या रसायनशास्त्रात अणुरचनेच्या धड्यात हा प्रश्न हमखास येतो आणि पुढे सीईटी, नीट, जेईईमध्येही भेटतो. चार आकड्यांचे काही संच दिलेले असतात आणि त्यांतला कोणता इलेक्ट्रॉनला शक्य आहे किंवा कोणता अशक्य आहे, ते ओळखायचं असतं. बहुतेक विद्यार्थ्यांना चारही नियम पाठ असतात, तरीही उत्तर चुकतं. कारण ते चार आकडे एकदम बघतात. हे चार नियम सुटे नाहीत. पहिला आकडा दुसऱ्याची हद्द ठरवतो, दुसरा तिसऱ्याची, आणि चौथा मात्र कुणालाच बांधलेला नाही. म्हणून तपासणी नेहमी डावीकडून उजवीकडे करायची आणि पहिली चूक सापडली की तिथेच थांबायचं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. «हा संच चालतो का» आणि «अमुक मूलद्रव्याच्या अणूत या संचाचा इलेक्ट्रॉन आहे का» हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पायरी १ ते ६ पहिल्या प्रश्नासाठी आहेत, त्यानंतरच्या दुसऱ्यासाठी.

## हाताशी काय हवं

फार काही लागत नाही. कोरा कागद, पेन्सिल आणि अणुक्रमांक दाखवणारी आवर्तसारणी पुरते. कागदाच्या कोपऱ्यात अक्षरांची ही जोडणी एकदा लिहून ठेवा:

- s म्हणजे l = 0
- p म्हणजे l = 1
- d म्हणजे l = 2
- f म्हणजे l = 3
- g म्हणजे l = 4

ही यादी शून्यापासून सुरू होते, हे विसरू नका. घाईत s ला 1 आणि p ला 2 धरलं की पुढचं सगळं एका घराने सरकतं, आणि गंमत म्हणजे उत्तर तरीही पटण्यासारखं दिसतं.

या लेखात संच नेहमी (n, l, mₗ, mₛ) याच क्रमाने लिहिला आहे. प्रश्नपत्रिकेत कधी क्रम उलटसुलट दिलेला असतो. तेव्हा आधी आपल्या क्रमात लिहून घ्या आणि मगच तपासा.

## पायरी १: n पूर्ण धन संख्या आहे का?

n हा मुख्य क्वांटम अंक. तो 1, 2, 3, 4 असा चढत जातो. शून्य चालत नाही, ऋण चालत नाही, अपूर्णांकही चालत नाही. वरच्या बाजूला मात्र त्याला मर्यादा नाही. n = 9 किंवा n = 40 पाहून दचकू नका. हायड्रोजनच्या उत्तेजित अणूत इलेक्ट्रॉन इतक्या वरच्या पातळीवरही जाऊ शकतो. इलेक्ट्रॉनांची कवचं सातच असतात, हा समज आवर्तसारणीतल्या सात ओळींवरून होतो. पण त्या ओळी मूळ स्थितीतल्या अणूंच्या आहेत, शक्यतांच्या नव्हेत.

या पायरीवर फारसे संच बाद होत नाहीत. n = 0 दिलेला असेल तर तेवढा टिपायचा.

## पायरी २: l हा n पेक्षा लहान आहे का?

l ची किंमत 0 पासून n − 1 पर्यंत, पूर्णांकात. n = 1 असेल तर l फक्त 0. n = 2 असेल तर 0 किंवा 1. n = 3 असेल तर 0, 1 किंवा 2. परीक्षेतला सगळ्यात लाडका सापळा l = n हा आहे: (2, 2, 0, +½) किंवा (3, 3, −1, −½) असे संच. बाकीचे आकडे बिनचूक दिसतात आणि नजर त्यांच्यावरून घसरते.

हा नियम नुसता पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण समजून घेतलं तर तो पुन्हा विसरत नाही. ऑर्बिटलमध्ये काही पृष्ठभाग असे असतात की तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते. त्यांना नोड म्हणतात. कोणत्याही ऑर्बिटलमध्ये एकूण नोड n − 1 असतात. त्यांतले l नोड केंद्रकातून जाणारे असतात, आणि उरलेले n − l − 1 नोड केंद्रकाभोवती गोलाकार असतात. 3s मध्ये l शून्य, म्हणून दोन्ही नोड गोलाकार. 3p मध्ये एक केंद्रकातून जाणारा, एक गोलाकार. 3d मध्ये दोन्ही केंद्रकातून जाणारे आणि गोलाकार एकही नाही. आता 2d ची कल्पना करून पाहा. तिथे गोलाकार नोडांची संख्या 2 − 2 − 1, म्हणजे उणे एक येते. उणे एक नोड असूच शकत नाही, म्हणून 2d ऑर्बिटलही असू शकत नाही. 1p आणि 3f यांचंही हेच.

म्हणून संचात n आणि l दिसले की मनातल्या मनात n − l − 1 काढा. उत्तर शून्य किंवा त्याहून मोठं आलं तर पुढे जा, उणे आलं तर संच बाद.

उलट बाजूचा सापळाही आहे. (5, 4, −3, +½) हा संच पाहून बरेच जण तो खोडतात, कारण 5g नावाचं उपकवच त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. आज माहीत असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी एकाच्याही मूळ स्थितीत g उपकवचात इलेक्ट्रॉन नाही, हे खरं. पण नियमाप्रमाणे 4 हा 5 पेक्षा लहान आहे, म्हणून संच चालतो. अक्षर ओळखीचं आहे की नाही यावर निर्णय घेऊ नका, आकड्यावर घ्या.

## पायरी ३: mₗ चिन्ह सोडून l च्या आत आहे का?

चुंबकीय क्वांटम अंक mₗ हा −l पासून शून्यातून +l पर्यंत, एकेका पूर्णांकाने जातो. एकूण किमती 2l + 1. l = 1 असेल तर −1, 0, +1. l = 2 असेल तर −2, −1, 0, +1, +2. तपासणी सोपी आहे: mₗ चं चिन्ह झाका, उरलेला आकडा l एवढा किंवा त्याहून लहान हवा.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे mₗ ची तुलना l ऐवजी n शी करणं. (3, 1, −2, +½) या संचात −2 हे n = 3 च्या आत बसतं असं वाटून तो बरोबर धरला जातो. पण mₗ चा n शी थेट संबंध नाही. इथे l = 1 आहे, म्हणून mₗ ला −1, 0, +1 एवढीच मोकळीक. दुसरी चूक ऋण चिन्हाची. mₗ ऋण दिसला की «ऋण कसा चालेल?» असं वाटतं. ऋण किंमत l ला चालत नाही, mₗ ला चालते.

यामागचंही कारण पाहा. l वरून इलेक्ट्रॉनच्या कोनीय संवेगाचं एकूण मान ठरतं: √(l(l+1)) ħ. mₗ वरून त्याच संवेगाचा एका ठरावीक दिशेतला भाग ठरतो: mₗ ħ. सदिशाचा एका दिशेतला भाग त्या सदिशाच्या एकूण मानापेक्षा मोठा असू शकत नाही. l = 1 साठी एकूण मान √2, म्हणजे सुमारे 1.41 ħ. तिथे mₗ = 1 बसतो, mₗ = 2 बसत नाही. l = 2 साठी √6, म्हणजे सुमारे 2.45 ħ. तिथे 2 बसतो, 3 नाही. l = 0 असेल तर एकूण मानच शून्य, म्हणून mₗ ही शून्यच. (4, 0, 1, +½) असा संच आला तर लक्षात घ्या की s उपकवचात mₗ ला शून्याखेरीज दुसरी किंमतच नाही, मग n कितीही मोठा असो.

याच पायरीवर आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण अनेक गाइडांमध्ये तो छापलेला असतो. pₓ म्हणजे mₗ = +1, pᵧ म्हणजे −1 आणि p_z म्हणजे 0, असा तक्ता दिलेला असतो. त्यातलं p_z साठीचं शून्य तेवढं नेमकं आहे. pₓ आणि pᵧ ही दोन्ही ऑर्बिटलं +1 आणि −1 यांच्या मिश्रणातून बनतात, त्यामुळे त्यांना एकच mₗ देता येत नाही. संच तपासताना याने काही अडत नाही, कारण तिथे फक्त आकडे पाहायचे असतात. पण «pₓ चा mₗ किती?» असं विचारलं तर तो संकेताचा प्रश्न आहे, निसर्गाचा नाही, एवढं ओळखून ठेवा.

## पायरी ४: mₛ हा +½ किंवा −½ च आहे का?

स्पिन क्वांटम अंकाला दोनच किमती: +½ आणि −½. शून्य नाही, एक नाही, 3/2 नाही. मागच्या तीन अंकांचा त्याच्यावर काहीच ताबा नाही. n, l, mₗ काहीही असोत, mₛ या दोनपैकीच एक.

दोनच का, याचं उत्तर १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांनी फ्रँकफुर्टमध्ये केलेल्या प्रयोगातून नीट कळतं. त्यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. झोताचे दोन भाग झाले. चांदीच्या अणूत सगळ्यात बाहेर 5s मधला एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि आतली उपकवचं पूर्ण भरलेली असतात. 5s म्हणजे l = 0, mₗ = 0. कक्षीय संवेगाचाच हिशेब धरला तर झोत दुभंगायलाच नको होता. शिवाय 2l + 1 ही संख्या l पूर्णांक असताना नेहमी विषम येते: 1, 3, 5. दोन हा आकडा त्यातून निघतच नाही. तेच सूत्र स्पिनला लावलं, म्हणजे l च्या जागी स्पिनचा अंक s घेतला, तर 2s + 1 = 2 होण्यासाठी s = ½ घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनला स्वतःचा असा संवेग आहे, ही कल्पना उलेनबेक आणि खाउटस्मिट यांनी १९२५ साली मांडली, आणि चांदीच्या झोताचे दोनच भाग का झाले, याचा उलगडा पुढे त्यावरून झाला.

म्हणून mₛ च्या जागी 0 दिसला की संच बाद. हा सापळा फार वापरला जातो, कारण (4, 0, 0, 0) सारखा संच दिसायला अगदी नीटनेटका असतो.

## पायरी ५: आता सहा संच तपासू

खालचे संच आधी स्वतः तपासा, मग पुढे वाचा.

- (अ) (3, 2, −2, −½)
- (आ) (4, 4, −1, +½)
- (इ) (2, 1, −2, +½)
- (ई) (6, 0, 0, +½)
- (उ) (3, 1, 0, 0)
- (ऊ) (4, −2, 1, −½)

(अ) मध्ये n = 3 ठीक. l = 2, तीनपेक्षा लहान, ठीक. mₗ = −2, चिन्ह झाकलं तर 2, l एवढाच, ठीक. mₛ ठीक. संच चालतो, हे 3d उपकवच.

(आ) दुसऱ्याच आकड्यावर पडतो. l आणि n दोन्ही 4. n − l − 1 उणे येतं. mₗ आणि mₛ पाहायची गरजच नाही.

(इ) मध्ये पहिले दोन आकडे 2p देतात, त्यात अडचण नाही. पण l = 1 असताना mₗ = −2 बसत नाही. बाद.

(ई) चालतो. n मोठा आणि बाकी शून्य असं पाहून शंका येते, पण हे साधं 6s आहे. सीझियमच्या मूळ स्थितीत सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन याच उपकवचात असतो.

(उ) मध्ये 3p पर्यंत सगळं बरोबर, mₛ शून्य म्हणून बाद.

(ऊ) मध्ये l ऋण आहे. ऋण चिन्ह mₗ ला आणि mₛ ला मिळतं, n आणि l ला नाही. बाद.

चुकलेला संच सापडला की तो दुरुस्त करून पाहण्याची सवय लावा. (इ) मध्ये फक्त एक आकडा बदलायचा असेल तर किती पर्याय आहेत? mₗ बदलून −1, 0 किंवा +1 करता येतो. l बदलून 2 करायला गेलात तर l = n होऊन नवीन चूक उभी राहते. n बदलून तर काहीच साधत नाही, कारण mₗ ला अडवणारा l आहे. या एका सरावात तिन्ही अंकांचं नातं हाताखाली येतं.

## पायरी ६: अर्धवट संच दिला असेल तर मोजणी

पुढच्या पातळीचे प्रश्न चारही आकडे देत नाहीत. दोन-तीन देतात आणि विचारतात: जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन? इथे सूत्रं पाठ असली तरी आधी चालणारी उपकवचं लिहून काढणं सुरक्षित.

फक्त n दिला असेल तर 2n² इलेक्ट्रॉन. n आणि l दिले असतील तर 2(2l + 1). n, l, mₗ दिले असतील तर 2. चारही दिले असतील तर 1. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गोंधळ होतो तो मधला आकडा गाळला जातो तेव्हा.

उदाहरण घेऊ: n = 4, |mₗ| = 1, mₛ = −½ असलेले जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन? l दिलेला नाही, म्हणून n = 4 मधली सगळी उपकवचं मांडा.

- 4s: mₗ फक्त 0. इथे काही मिळत नाही.
- 4p: mₗ = +1 आणि −1. दोन ऑर्बिटलं.
- 4d: mₗ = +1 आणि −1. दोन ऑर्बिटलं.
- 4f: mₗ = +1 आणि −1. दोन ऑर्बिटलं.

एकूण ६ ऑर्बिटलं. प्रत्येकात mₛ = −½ चा एकच इलेक्ट्रॉन. उत्तर ६. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. |mₗ| मधल्या दोन उभ्या रेषा दिसल्या नाहीत तर उत्तर ३ येतं. mₛ ठरवून दिला आहे हे विसरलं तर १२ येतं. आणि 4s मध्येही mₗ = 1 धरला तर आकडा आणखी फुगतो. चुकीचे पर्याय बहुधा याच तीन चुकांतून तयार केलेले असतात.

n आणि एकच ठरावीक mₗ दिला असेल तर एक सोयीचं सूत्र निघतं. mₗ मिळायला l निदान |mₗ| एवढा तरी हवा, आणि l जास्तीत जास्त n − 1. म्हणून ऑर्बिटलं n − |mₗ| एवढी. n = 5, mₗ = +1 असेल तर ४ ऑर्बिटलं, ८ इलेक्ट्रॉन. n = 4, mₗ = +2 असेल तर २ ऑर्बिटलं, ४ इलेक्ट्रॉन. हेच उलटं विचारतात: mₗ = −3 साठी n ची किमान किंमत किती? l निदान 3, म्हणून n निदान 4.

n + l = 5 असलेले इलेक्ट्रॉन किती, असाही प्रश्न येतो. बेरीज पाच करणाऱ्या जोड्या लिहिल्या तर (5, 0), (4, 1), (3, 2), (2, 3), (1, 4) अशा पाच दिसतात. शेवटच्या दोन पायरी २ ला बाद. उरतात 5s, 4p, 3d: २ + ६ + १० = १८. मोजणीच्या प्रश्नातही पहिल्या पायऱ्या सुटत नाहीत, हे यातून दिसतं.

## पायरी ७: चालणारा संच आणि भरलेला संच

आता खऱ्या अणूकडे या. इथे पाउलीचा १९२५ सालचा अपवर्जन नियम लागू होतो: एकाच अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे चारही क्वांटम अंक सारखे असू शकत नाहीत. «दोन इलेक्ट्रॉनांचे संच (2, 1, 0, +½) आणि (2, 1, 0, +½)» असं दिलं तर प्रत्येक संच स्वतंत्रपणे चालतो, पण दोन्ही एकाच अणूत एकत्र चालत नाहीत. निरनिराळ्या अणूंत असतील तर काहीच हरकत नाही. प्रश्नात «एकाच अणूत» हे शब्द आहेत का ते शोधा. उत्तर बऱ्याचदा त्यांच्यावर फिरतं.

क्रोमियम घेऊ, अणुक्रमांक २४. मूळ स्थितीतली रचना अशी:

1s² 2s² 2p⁶ 3s² 3p⁶ 3d⁵ 4s¹

नेहमीच्या (n + l) क्रमाने भरलं असतं तर 3d⁴ 4s² आलं असतं. क्रोमियम त्याला अपवाद आहे. ही रचना चुकली की खालचे बरेच आकडे चुकतात, म्हणून मोजायला बसण्यापूर्वी आवर्तसारणीत क्रोमियम आणि तांबं या दोन अपवादांवर खूण करून ठेवा.

l = 0 चे इलेक्ट्रॉन: 1s, 2s, 3s मधले दोन-दोन आणि 4s मधला एक, एकूण ७. l = 1 चे: 2p आणि 3p मिळून १२. l = 2 चे ५. बेरीज ७ + १२ + ५ = २४. बेरीज अणुक्रमांकाशी जुळते का, हे प्रत्येक वेळी तपासा. याहून स्वस्त पडताळा दुसरा नाही.

आता mₗ = 0 चे किती? प्रत्येक s उपकवचातले सगळे, म्हणजे ७. 2p मधले २, 3p मधले २. 3d मध्ये पाच ऑर्बिटलांत एकेकच इलेक्ट्रॉन आहे, त्यांतलं एक mₗ = 0 चं, म्हणून १. एकूण १२. विद्यार्थी बहुधा s उपकवचं विसरतात, कारण mₗ = 0 म्हटलं की डोळ्यांसमोर p चं मधलं घर येतं आणि s मध्येही mₗ शून्यच असतो, हे निसटतं.

mₛ चं काय? 3p पर्यंतचे १८ इलेक्ट्रॉन जोडीने आहेत, म्हणजे ९ एका चिन्हाचे आणि ९ दुसऱ्या. उरलेले सहा, 3d मधले पाच आणि 4s मधला एक, एकाच दिशेचे. म्हणून एका चिन्हाचे १५ आणि दुसऱ्याचे ९. त्यातल्या १५ ना +½ म्हणायचं की −½, हा संकेत आहे. पुस्तकात एकट्या इलेक्ट्रॉनला +½ द्यायची रीत असते, पण −½ दिलं तरी भौतिकदृष्ट्या काही चुकत नाही.

## पायरी ८: «शेवटचा इलेक्ट्रॉन» विचारला तर

पोटॅशियमच्या, अणुक्रमांक १९ च्या, शेवटच्या इलेक्ट्रॉनचा संच विचारला तर काम सोपं आहे. तो 4s मध्ये आहे: n = 4, l = 0, mₗ = 0, आणि mₛ +½ किंवा −½. रुबिडियमचा तसाच, फक्त n = 5. पर्यायांत (5, 1, 0, +½) आणि (5, 0, 1, +½) असे शेजारी ठेवलेले असतात. पहिला 5p चा, तो चालतो पण रुबिडियमच्या मूळ स्थितीत तिथे इलेक्ट्रॉन नाही. दुसरा तर चालतच नाही, कारण l शून्य असताना mₗ एक आहे.

क्लोरीनचं तसं नाही. अणुक्रमांक १७, शेवटी 3p⁵. n = 3 आणि l = 1 एवढं ठाम सांगता येतं. mₗ तिन्हींपैकी कोणताही असू शकतो, कारण 3p ची तिन्ही ऑर्बिटलं एकाच ऊर्जेची आहेत आणि −1 पासून भरायचं की +1 पासून, हे आपण ठरवतो. म्हणून अशा प्रश्नात चालणारे पर्याय एकाहून जास्त दिसले तर घाबरू नका. आधी n आणि l वरून गाळा. mₗ आणि mₛ वरून फक्त अशक्य पर्याय काढा.

लोहात आणखी एक वळण आहे. अणुक्रमांक २६, रचना शेवटी 3d⁶ 4s². भरण्याच्या क्रमाने शेवटचा इलेक्ट्रॉन 3d मध्ये जातो, म्हणून n = 3, l = 2. पण सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन विचारला तर n = 4, l = 0. आणि Fe²⁺ तयार होताना निघून जातात ते 4s मधले दोन, 3d मधले नाहीत. त्यामुळे Fe²⁺ मध्ये (4, 0, 0, +½) हा संच अजूनही चालणारा आहे, पण मूळ स्थितीत तो रिकामा आहे. 3d मध्ये मात्र सहाही इलेक्ट्रॉन तसेच आहेत: पाच ऑर्बिटलांत एकेक, आणि सहावा त्यांतल्याच एकात जोडीला. ती जोडी कोणत्या mₗ मध्ये जमली हे एकट्या आयनासाठी ठरवून सांगता येत नाही. म्हणून «Fe²⁺ मध्ये mₗ = 0 चे इलेक्ट्रॉन किती?» असं विचारलं तर १० जोडीचे इलेक्ट्रॉन 1s, 2s, 2p, 3s, 3p मधून नक्की येतात, आणि 3d मधून एक किंवा दोन. प्रश्नात भरण्याचा संकेत दिलेला नसेल तर ११ आणि १२ ही दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतात.